चरख्यामागचे गांधी: एका छायाचित्राच्या पर्यायी मजकुराचे प्रकरण

या प्रकरणासाठी घेतलेले छायाचित्र बहुतेकांच्या डोळ्यांसमोर आहे. अमेरिकन छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी १९४६ साली ‘लाइफ’ नियतकालिकासाठी ते टिपले. पुढे डावीकडे मोठा चरखा आहे आणि त्याच्यामागे उजवीकडे जमिनीवर बसलेले महात्मा गांधी. शाळेच्या भिंतींपासून पुस्तकांच्या मुखपृष्ठांपर्यंत या प्रतिमेची असंख्य रूपे फिरत असतात. ते इतके ओळखीचे आहे म्हणूनच इथे निवडले. ज्या चित्राकडे आपण नीट न पाहताच ‘पाहिले’ म्हणतो, त्याचा पर्यायी मजकूर, म्हणजे चित्र न दिसणाऱ्या वाचकासाठी लिहिलेले वर्णन, हमखास चुकतो.

प्रसंग असा धरू. एका मराठी संकेतस्थळावर चरख्याच्या प्रतिमेबद्दल लेख येणार आहे. एक साधे अवजार स्वातंत्र्यलढ्याची खूण कसे बनले आणि त्यात या एका छायाचित्राचा वाटा किती, हा लेखाचा विषय. छायाचित्र लेखाच्या मध्यावर आहे. त्याच्या आधीच्या परिच्छेदात म्हटले आहे की चौकटीत सर्वाधिक जागा गांधींनी नव्हे तर चरख्याने व्यापली आहे, आणि पाहणाऱ्याची नजर आधी चाकावर जाते, मग माणसावर. छायाचित्राखाली ओळ आहे: ‘मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी १९४६ साली टिपलेले छायाचित्र’. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर हा लेख ऐकणाऱ्या अंध वाचकासाठी छायाचित्राच्या `alt` गुणधर्मात, म्हणजे पानाच्या कोडमधल्या पर्यायी मजकुराच्या जागी, काय लिहावे, एवढाच प्रश्न आहे.

काहीच लिहिले नाही तर काय होते ते आधी पाहू, कारण पुष्कळ ठिकाणी तेच घडलेले असते. `alt` गुणधर्म मुळात नसेल, तर स्क्रीन रीडर आपापल्या रीतीने वाट काढतो. काही वेळा तो चित्र गाळून पुढे जातो. चित्रावर दुवा असेल तर अनेकदा फाइलचे नाव किंवा दुव्याचा पत्ता वाचून दाखवतो, आणि वाचकाच्या कानावर इंग्रजी अक्षरे, आकडे, आडव्या रेघा यांची माळ पडते. `alt=""` असे मुद्दाम रिकामे ठेवले, तर त्याचा अर्थ वेगळा होतो: हे चित्र शोभेचे आहे, थांबू नकोस. नक्षीच्या पट्टीसाठी तेच योग्य. पण आपल्या लेखात आधीचा परिच्छेद ‘चौकटीकडे पाहा’ असे सांगत असताना चौकटच गायब झाली, तर वाचकाला ते कळतही नाही. त्याला फक्त एवढे जाणवते की लेखक कशाबद्दल तरी बोलतो आहे आणि ते आपल्यापर्यंत आलेले नाही.

आता मसुदे. पहिला बहुतेकांच्या हातून असा उतरतो:

```html
alt="महात्मा गांधी"
```

नाव बरोबर आहे आणि ते द्यायलाच हवे. डोळस वाचक गांधींना पाहताक्षणी ओळखतो, मग ‘चष्मा लावलेले एक वृद्ध गृहस्थ’ असे लिहून अंध वाचकाला कोड्यात टाकण्याचे कारण नाही. पण लेख चरख्याबद्दल आहे आणि या मजकुरात चरखाच नाही. गांधींच्या हजारो छायाचित्रांपैकी कुठलेही इथे बसले असते. मजकूर पुरेसा आहे का हे तपासण्याची ही साधी रीत आहे: हाच मजकूर त्याच व्यक्तीच्या दुसऱ्या छायाचित्रालाही चालत असेल, तर त्यात या छायाचित्राचे काही आलेले नाही.

दुसरा मसुदा अधिक धोक्याचा, कारण तो पूर्ण वाटतो:

```html
alt="चरख्यावर सूत कातताना महात्मा गांधी"
```

हे चूक आहे. छायाचित्रात गांधी सूत कातत नाहीत. त्यांची मान खाली आहे, हातांत कागद आहेत आणि ते वाचत आहेत. सूत कातणाऱ्याचा एक हात चाक फिरवत असतो आणि दुसरा पेळूतून धागा ओढत चातीपासून दूर नेत असतो. इथे दोन्ही हात चरख्यापासून लांब आहेत. तरी या छायाचित्राच्या मराठी आणि इंग्रजी वर्णनांत ‘कातताना’ पुन्हा पुन्हा भेटते.

ही चूक का होते हे समजून घेणे उपयोगाचे आहे, कारण तीच चूक दुसऱ्या छायाचित्रांतही होते. एक कारण ओळखीचे. गांधी आणि चरखा एकत्र दिसले की मन उरलेली क्रिया स्वतःच भरून काढते. दुसरे कारण आपल्या वृत्तपत्रांनी रुळवलेल्या ओळींचे. ‘उद्घाटन करताना पालकमंत्री’, ‘वृक्षारोपण करताना विद्यार्थी’ अशा साच्यात छायाचित्राखालची ओळ लिहायची सवय हाताला आहे. साचा क्रिया मागतो आणि लिहिणारा जवळची क्रिया त्यात घालतो. प्रत्यक्षात पालकमंत्री कात्री हातात धरून कॅमेऱ्याकडे बघत असतात आणि विद्यार्थी आधीच लावलेल्या रोपाभोवती उभे असतात. डोळस वाचकाला चूक झाली तरी चित्र समोर असते, तो मनात दुरुस्ती करतो. अंध वाचकाजवळ फक्त मजकूर आहे. त्यात जे लिहिले तेच त्याच्यासाठी छायाचित्र.

यावरचा उपाय पाहण्याच्या क्रमात आहे. माणूस असलेल्या छायाचित्रात आधी हात पाहावेत: ते कशाला लागले आहेत? मग नजर: ती कुठे आहे? चेहरा आणि आसपासच्या वस्तू त्यानंतर. क्रियापद निवडायचे ते हात आणि नजर यांच्यावरून, शेजारच्या वस्तूवरून नाही. या एका छायाचित्रात हा क्रम पाळला असता तर ‘कातताना’ लिहिलेच गेले नसते.

तिसरा मसुदा अशा लिहिणाऱ्याचा, ज्याला काहीही सुटू द्यायचे नाही:

```html
alt="पांढऱ्या भिंतीच्या खोलीत मागच्या खिडकीतून
येणाऱ्या उजेडात, जमिनीवर अंथरलेल्या बैठकीवर
मांडी घालून, उघड्या अंगाने, पांढरा पंचा नेसून,
डोळ्यांवर गोल चष्मा लावून, खाली मान घालून
हातातील कागद वाचत बसलेले महात्मा गांधी आणि
समोर आरे असलेल्या मोठ्या चाकाचा लाकडी चरखा"
```

या मसुद्यात चुकीचे विधान शोधूनही सापडणार नाही. त्रास क्रमाचा आणि बांधणीचा आहे. मराठीत विशेषणे, धातुसाधिते सगळी नामाच्या आधी येतात. डोळ्यांनी वाचताना असे वाक्य झेपते, कारण नजर पुढे उडी मारून कर्ता शोधून परत येते. कानाला ती सोय नाही. ऐकणाऱ्याला भिंत, खिडकी, उजेड, बैठक, पंचा, चष्मा हे सगळे कोणाचे आणि कशासाठी हे न कळता धरून ठेवावे लागते. नाव शेवटी येते आणि लेखाचा विषय असलेला चरखा तर त्याच्याही मागे. स्क्रीन रीडर वापरणारे लोक सहसा वेगात ऐकतात आणि पहिल्या काही शब्दांतच थांबायचे की पुढे जायचे ठरवतात. ‘पांढऱ्या भिंतीच्या खोलीत’ ऐकून बरेच जण पुढच्या परिच्छेदावर गेलेले असतील.

मजकूर बोटांना लागणाऱ्या ठिपक्यांत दाखवणाऱ्या ब्रेल डिस्प्लेवर हा त्रास आणखी वाढतो. सर्वसाधारण डिस्प्लेवर एका वेळी ४० खाने दिसतात, लहान यंत्रांवर त्याहून कमी. मराठी ब्रेलमध्ये काना-मात्रा वेगळे खाने घेतात आणि जोडाक्षरांना आणखी जागा लागते, त्यामुळे वरचा मजकूर बोटाखालून नेताना ओळ बऱ्याच वेळा सरकवावी लागते.

म्हणून पर्यायी मजकुरात लांब वाक्य टाळावे, आणि टाळण्याचा मार्ग सोपा आहे. नाम आधी सांगून टाकायचे आणि तपशील पुढच्या छोट्या वाक्यांत द्यायचे. पूर्णविराम म्हणजे यंत्राच्या आवाजातला विसावा, तो मोकळ्या हाताने वापरावा.

चौथा मसुदा लिहिणारा भावनेने लिहितो:

```html
alt="स्वातंत्र्यलढ्याचे प्रतीक असलेल्या चरख्यासह
चिंतनात मग्न, तेजस्वी आणि शांत राष्ट्रपिता"
```

यात दिसणारे एकच आहे, चरखा. बाकी निष्कर्ष आहेत. डोळस वाचकाला खाली झुकलेली मान आणि कागद दिसतात, आणि त्यावरून ‘शांत’ म्हणायचे, ‘थकलेले’ म्हणायचे की ‘कामात बुडालेले’, हे तो स्वतः ठरवतो. अंध वाचकाला निष्कर्ष दिला आणि पुरावा दिला नाही, तर त्याचा तो अधिकार गेला. शिवाय चरखा प्रतीक कसा झाला हेच लेख सांगणार आहे. लेखाचे म्हणणे छायाचित्राच्या तोंडी घालू नये. अर्थ लावणारे शब्द कायम वर्ज्य आहेत असे मात्र नाही. एखाद्या छायाचित्रात माणूस उघड हसत असेल तर ‘हसत आहे’ लिहावेच, ‘ओठ ताणलेले, दात दिसत आहेत’ असे लिहिणे हास्यास्पद होईल. पाहणाऱ्या दहा जणांनी एकच शब्द वापरला असता, तर तो शब्द वर्णन आहे. दहा जणांचे दहा शब्द झाले असते, तर तो अभिप्राय.

आता या लेखासाठी काय लागते ते ठरवू. लेखातल्या युक्तिवादाला तीन गोष्टी आधार देतात: चरखा पुढे आहे आणि मोठा दिसतो, गांधी मागे आहेत, ते कातत नसून वाचत आहेत. उजेड चौथा, कारण लेख छायाचित्रणाबद्दलही बोलतो. पंचा, चष्मा, भिंत यांचे लेखात काम नाही. त्यामुळे मजकूर असा उतरतो:

```html
<figure>
  <img src="charkha-1946.jpg"
       alt="कृष्णधवल छायाचित्र: महात्मा गांधी आणि
चरखा. पुढे डावीकडे लाकडी चरखा; कॅमेऱ्याच्या अगदी
जवळ असल्यामुळे तो माणसापेक्षा मोठा दिसतो.
त्याच्यामागे उजवीकडे गांधी जमिनीवर बसले आहेत.
मान खाली, हातांत कागद; ते वाचत आहेत.
मागच्या खिडकीतून उजेड येतो.">
  <figcaption>मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी १९४६ साली
  टिपलेले छायाचित्र</figcaption>
</figure>
```

इथे ओळी फक्त वाचायला सोप्या जाव्यात म्हणून तोडल्या आहेत. प्रत्यक्षात `alt` सलग एका ओळीत लिहावा.

यातला एकेक निर्णय तपासण्यासारखा आहे. पहिले वाक्य एकटे उभे राहू शकते. तेवढेच ऐकून कोणी पुढे गेला तरी त्याला काय होते ते कळले. ज्याला थांबायचे आहे त्याच्यासाठी पुढची वाक्ये आहेत, आणि त्यांचा क्रम लेखात सांगितलेल्या नजरेच्या क्रमासारखाच आहे: आधी चाक, मग माणूस.

सुरुवातीला ‘छायाचित्र’ हा शब्द का ठेवला? एरवी तो टाळावा, कारण स्क्रीन रीडर प्रत्येक चित्रापाशी ‘ग्राफिक’ किंवा ‘इमेज’ असे स्वतःच सांगतो. मग ‘या छायाचित्रात असे दिसते की’ ही सुरुवात म्हणजे तेच दोनदा ऐकवणे. पण या प्रतिमेची पोस्टर, भित्तिचित्रे, रेखाटने एवढी झाली आहेत की इथे मूळ छायाचित्रच आहे हे कळणे लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. ‘कृष्णधवल’चेही तसेच. उजेड आणि सावली यांबद्दल लेख बोलतो, म्हणून ते हवे.

‘कॅमेऱ्याच्या अगदी जवळ असल्यामुळे’ हा खुलासा डोळस लिहिणाऱ्याला अनावश्यक वाटतो आणि तोच पहिल्यांदा कापला जातो. तो कापू नये. जवळची वस्तू मोठी आणि दूरची लहान दिसते हा डोळ्यांचा अनुभव आहे, स्पर्शाचा नाही. हाताला चरखा जवळूनही तेवढाच आणि दूर सरकवला तरी तेवढाच लागतो. जन्मापासून न दिसणारा वाचक हे नियम म्हणून जाणतो, पण ‘चरखा माणसापेक्षा मोठा आहे’ असे लिहिले तर त्याला खरोखरच पुरुषभर उंच चरखा आहे असे वाटायला जागा राहते. ‘मोठा दिसतो’ आणि त्यामागचे कारण मिळून सहा शब्दांत तो गैरसमज टळतो. जिथे म्हणून आकाराचा परिणाम कॅमेऱ्याच्या जागेमुळे आला असेल, तिथे कारण द्यावे. पर्यटकाच्या तळहातावर ठेवल्यासारखा दिसणारा ताजमहाल हे त्याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण. डावे-उजवे मात्र नेहमी पाहणाऱ्याच्या बाजूने सांगावे. छायाचित्रातल्या माणसाच्या उजव्या हाताबद्दल बोलायचे असेल तर ‘त्यांच्या उजव्या हातात’ असे लिहून फरक स्पष्ट करावा.

‘ते सूत कातत नाहीत’ असे वाक्य घालावे का, हा या प्रकरणातला सर्वांत अवघड निर्णय होता. जे चित्रात नाही ते सहसा सांगू नये, कारण नसलेल्या गोष्टींची यादी कधीच संपत नाही. पण इथे वाचकाची अपेक्षा जवळपास ठरलेली आहे. दोन्ही बाजू तोलल्यावर नकारार्थी वाक्य वगळले. ‘हातांत कागद, ते वाचत आहेत’ यातून तेच निघते, आणि दिसणाऱ्या गोष्टीच्या रूपात निघते. लेखाचा मुद्दाच ‘लोकांना ते कातताना आठवतात’ असा असता, तर मात्र ‘चरख्याला हात लागलेला नाही’ हे वाक्य हवेच होते.

छायाचित्रकाराचे नाव आणि साल `alt`मध्ये नाही, कारण ते खालच्या ओळीत आहे आणि ती ओळ स्क्रीन रीडर चित्राला जोडूनच वाचतो. दोन्हीकडे तेच लिहिले की वाचकाला एकच माहिती लागोपाठ दोनदा ऐकावी लागते. वर्तमानपत्री संकेतस्थळांवर हा दोष फार दिसतो, कारण छायाचित्राखालची ओळ जशीच्या तशी `alt`मध्ये चिकटवलेली असते. याची दुसरी बाजूही आहे. बर्क-व्हाइट यांना छायाचित्र घेण्याआधी सूत कातायला शिकण्याची अट घातली गेली होती, किंवा ३० जानेवारी १९४८च्या हत्येनंतर ‘लाइफ’ने हे छायाचित्र ठळकपणे छापले, या गोष्टी कितीही रंजक असल्या तरी `alt`मध्ये घालू नयेत. त्या डोळस वाचकालाही छायाचित्र पाहून कळत नाहीत. त्यांची जागा लेखाच्या परिच्छेदात, जिथे त्या सर्वांना वाचता येतील. `alt`मध्ये लपवलेली माहिती डोळस वाचकाच्या हाती लागत नाही, आणि हा अन्यायही उलट दिशेने तितकाच खरा.

लांबीबद्दल एक गैरसमज रुजला आहे, तो इथे दूर करायला हवा. १२५ अक्षरांची मर्यादा म्हणून जो नियम सांगितला जातो, तो वेब सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निर्देशांत, म्हणजे डब्ल्यूसीएजीत, कुठेही नाही. तिथला पहिलाच निकष, १.१.१, एवढेच मागतो की मजकुराने चित्राचे काम करावे. आपला मजकूर पस्तीसेक शब्दांचा आहे आणि १२५ अक्षरांच्या पुढे सहज जातो. तरी तो योग्य आहे, कारण प्रत्येक वाक्याला लेखात काम आहे. अंगठ्याएवढ्या लहान चित्रासाठी पाच शब्दही पुष्कळ होतात. मात्र `alt`मध्ये परिच्छेद, यादी, दुवे काही टिकत नाही, सगळे एका दमात वाचले जाते. त्यामुळे चार-पाच छोट्या वाक्यांपलीकडे जावेसे वाटले, तर उरलेले वर्णन लेखातच, छायाचित्राच्या खाली, उघड्या मजकुरात द्यावे.

एकच छायाचित्र दुसऱ्या पानावर गेले की मजकूर बदलतो, आणि बदलायलाच हवा. हेच चित्र गांधींच्या राहणीमानाबद्दलच्या परिच्छेदाशेजारी आले, तर तिसऱ्या मसुद्यात टाकून दिलेला पंचा परत येतो: ‘महात्मा गांधी जमिनीवर बसून कागद वाचत आहेत. अंग उघडे, नेसूला पंचा, डोळ्यांवर चष्मा. पुढे चरखा.’ इथे चरखा शेवटी गेला आणि उजेड गळला. खादीच्या अवजारांवरच्या लेखात मुख्य वस्तू चरखाच राहील, पण आता त्याची रचना सांगावी लागेल: चाक उभे आहे, आरे रुंद आहेत. हे तिथे विशेष गरजेचे, कारण येरवड्याच्या तुरुंगवासाशी जोडला गेलेला पेटी चरखा वेगळा असतो. त्याची चाके पेटीत आडवी बसतात. ‘गांधींचा चरखा’ एवढेच लिहिले तर जाणकार वाचक पेटी चरखा कल्पील आणि चित्रातले चाक त्याच्या हाती येणार नाही. मुखपृष्ठावर हेच छायाचित्र लेखाकडे नेणारा दुवा म्हणून आले आणि शेजारी त्याच दुव्यात लेखाचे शीर्षक असेल, तर `alt=""` ठेवावा. शीर्षक नसेल तर दुवा कुठे नेतो ते लिहावे. तिथे वाचकाला खोलीतला उजेड नको आहे, दार कुठे उघडते ते हवे आहे.

वर्डप्रेसवर काम करणाऱ्यांची इथे एक नेहमीची फसगत होते. मिडिया लायब्ररीत लिहिलेला पर्यायी मजकूर चित्र लेखात घालतेवेळी त्या लेखात उतरतो. नंतर लायब्ररीत दुरुस्ती केली, तरी आधी छापलेल्या लेखांतला मजकूर तसाच राहतो. ‘कातताना’ची चूक लायब्ररीत सुधारली म्हणून निश्चिंत राहू नये, प्रत्येक लेखात जाऊन चित्राच्या ब्लॉकमधला मजकूर बदलावा लागतो. याच गोष्टीचा फायदाही आहे: एकाच चित्राला प्रत्येक लेखात वेगळा मजकूर देता येतो.

मराठीसाठी आणखी एक तांत्रिक बाब निर्णायक ठरते. पानाची भाषा `lang` गुणधर्मात सांगितलेली असते, आणि स्क्रीन रीडर त्यावरून कोणता आवाज वापरायचा ते ठरवतो. संकेतस्थळाची मांडणी इंग्रजी साच्यावर बेतलेली असेल, तर तिथे `en-US` राहून जाते. मग उत्तम लिहिलेला मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या हवाली होतो. तो देवनागरी गाळतो किंवा एकेक अक्षर तोडून म्हणतो. संपूर्ण पान मराठी असेल तर एवढे पुरते:

```html
<html lang="mr">
```

इंग्रजी पानात एखादेच मराठी चित्रवर्णन असेल, तर `lang="mr"` त्या `img`वरच द्यावे. मजकुरात संक्षेप टाळावेत. ‘म. गांधी’मधल्या टिंबापाशी आवाज वाक्य संपल्यासारखा थांबतो. आणि `alt` दुहेरी अवतरणात लिहिला असेल तर आतल्या मजकुरात सरळ दुहेरी अवतरण चिन्ह आले की गुणधर्म तिथेच तुटतो. उरलेले शब्द पानातून नाहीसे होतात आणि डोळस संपादकाला ते दिसतही नाही. आत अवतरण हवेच असेल तर ‘असे’ एकेरी वापरावे.

शेवटची पायरी पडताळणीची, आणि ती दोन भागांत करावी लागते. यंत्राचा भाग लवकर होतो. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो. तो चालू करून पानावर `G` दाबत गेले की एकेका चित्रापाशी जाता येते. मजकूर मराठी आवाजात येतो का, मध्येच तुटत नाही ना, खालच्या ओळीशी पुनरुक्ती होते का, हे डोळे मिटून ऐकले की लगेच कळते.

माणसाचा भाग स्वयंचलित तपासनीस करू शकत नाही. असे साधन `alt` आहे की नाही एवढेच सांगते. ‘सूत कातताना’ लिहिलेले असले तरी ते हिरवी खूण देईल. म्हणून ज्याने हे छायाचित्र समोर ठेवलेले नाही अशा कोणाला मजकूर फोनवर एकदाच वाचून दाखवावा आणि तीन प्रश्न विचारावेत: पुढे काय आहे? गांधींचे हात कुठे आहेत? चरखा खरोखर किती मोठा असेल? शक्य असेल तर हे अंध वाचकालाच विचारावे, आणि जन्मापासून न दिसणारा आणि नंतर दृष्टी गेलेला असे दोघे मिळाले तर दोघांनाही. पहिल्या प्रश्नाला ‘गांधी’ असे उत्तर आले, तर पुढे-मागे सांगणारी वाक्ये क्रमाने चुकली आहेत. दुसऱ्याला ‘चरख्यावर’ आले, तर वाचकाच्या आठवणीने मजकुरावर मात केली आहे, आणि वगळलेले ‘चरख्याला हात लागलेला नाही’ हे वाक्य परत घालावे. तिसऱ्याला कोणी ‘माणसाहून उंच’ म्हणाले, तर ‘कॅमेऱ्याच्या जवळ’ हा खुलासा कानातून निसटला आहे. तो तोडून वेगळ्या वाक्यात द्यावा: ‘चरखा कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आहे. त्यामुळे तो माणसापेक्षा मोठा दिसतो.’